साखर वाढलेली, रिपोर्ट मात्र नॉर्मल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चौपन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याचं उदाहरण घेऊ. माणूस मी कल्पिलेला आहे, त्याचे आकडेही समजावून सांगण्यासाठी निवडलेले आहेत. पण त्याच्या शरीरात जे घडतं ते वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदलं गेलेलं आहे. त्याला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. शेवटचं एचबीए१सी ८.१ टक्के होतं, म्हणजे साखर आटोक्यात नव्हतीच. त्यानंतर पाठीवर आणि हातावर चट्टे दिसले, बधिरपणा जाणवला, तपासणीत बहुजीवाणू कुष्ठरोग निघाला आणि सरकारी दवाखान्यातून बहुविध औषधोपचार, म्हणजे सगळे ज्याला एमडीटी म्हणतात तो, सुरू झाला. साडेतीन महिन्यांनी मधुमेहाच्या तपासणीसाठी रक्त दिलं, तर एचबीए१सी ५.२ टक्के.

मधुमेह नसलेल्या माणसाचं असावं तसं हे एचबीए१सी. रुग्ण खूश. "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट तर नॉर्मल आला, आता साखरेची गोळी कमी करून द्या ना." ही मागणी अगदी स्वाभाविक आहे, आणि कागदावरचा आकडाच पाहिला तर डॉक्टरही ती मान्य करतील. ग्लिमेपिराइडमुळे साखर फार खाली जाऊ शकते, तेव्हा ५.२ पाहून ती गोळी कमी करणं हे एरवी शहाणपणाचंच. पण या माणसाला रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतंय, तोंडाला कोरड पडतेय, आणि घरातल्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीही साखर १४० च्या खाली उतरत नाहीये. म्हणजे दोन पुरावे एकमेकांविरुद्ध उभे आहेत. त्यातला खरा कोणता हे ठरवायचं तर एचबीए१सी नेमकं काय मोजतं इथून सुरुवात करावी लागते.

रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. त्यासाठी कुठलं विकर लागत नाही. साखर जितकी जास्त आणि संपर्क जितका लांब, तितकं चिकटणं जास्त. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे सगळे दिवस तिच्यातलं हिमोग्लोबिन साखरेच्या सहवासात असतं. म्हणून कुठल्याही एका दिवशी रक्त काढलं तर त्यात काल जन्मलेल्या पेशीही असतात आणि चार महिन्यांच्या म्हाताऱ्या पेशीही. त्या सगळ्यांची मिळून सरासरी म्हणजे एचबीए१सी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा हा प्रकार वाढलेला आढळला, आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत तो मधुमेहाचं मोजमाप बनला.

या मोजमापात एक गृहीतक दडलेलं आहे: तपासल्या जाणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशी सर्वसाधारण आयुष्य जगतात. पेशी १२० दिवस जगत असतील तर त्यांचं सरासरी वय ६० दिवस येतं. समजा काही कारणाने त्या ७० दिवसांतच मरू लागल्या. मग सरासरी वय ३५ दिवस. साखरेला चिकटायला वेळच कमी मिळाला. ज्या साखरेवर एरवी एचबीए१सी ९ आलं असतं, तिथे ढोबळ हिशेबाने ९ गुणिले ३५ भागिले ६०, म्हणजे सव्वापाचच्या आसपास येईल. प्रत्यक्ष शरीरात हा हिशेब इतका सरळ चालत नाही, पण दिशा आणि आकार कळायला तो पुरेसा आहे. साखर तसूभरही कमी न होता आकडा जवळजवळ अर्ध्यावर येऊ शकतो.

आमच्या शेतकऱ्याच्या पेशी अकाली मारणारी गोष्ट त्याच्या एमडीटीच्या पाकिटातच आहे. बहुजीवाणू कुष्ठरोगात बारा महिने उपचार चालतात. महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिनचा मोठा डोस, रोज थोडं क्लोफाझिमिन, आणि रोज १०० मिलिग्रॅम डॅप्सोन. डॅप्सोन हे औषध जुनं, स्वस्त आणि फार उपयोगी आहे. कुष्ठरोगाखेरीज काही त्वचारोगांत आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या विशिष्ट न्यूमोनियाच्या प्रतिबंधासाठीही ते देतात. पण यकृतात त्याचं रूपांतर होताना जे पदार्थ तयार होतात ते तांबड्या पेशींना गंजवतात. अशा पेशी प्लीहेत वेळेआधी मोडल्या जातात. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत हे प्रकरण गंभीर होतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं आणि त्याची काळजीही घेतली जाते. जी६पीडी उत्तम असलेल्या माणसातही पेशींचं आयुष्य घटतं, ही गोष्ट मात्र मधुमेहाच्या ओपीडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

ती लक्षात न राहण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. पेशी मरत असल्या तर हिमोग्लोबिन घसरावं, रुग्ण पांढराफटक दिसावा, अशी आपली अपेक्षा असते. पण अस्थिमज्जा धडधाकट असेल तर ती उत्पादन वाढवते. मेलेल्या पेशींची जागा नव्या घेतात. हिमोग्लोबिन एखाद-दुसऱ्या ग्रॅमने उतरतं, कधी तेवढंही नाही. आमच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन १३.४ वरून १२.३ झालं, एवढंच. ग्रामीण भागातल्या ओपीडीत १२.३ ला कुणी अ‍ॅनिमिया म्हणून थांबणार नाही. खूण दुसरीकडे होती: रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ४.५ टक्के. ते साधारण दोन टक्क्यांपर्यंत असायला हवं. कारखाना दुप्पट वेगाने चालला आहे, याचा अर्थ माल कुठेतरी वाया जातो आहे. कितीही स्वस्त असली तरी रेटिक्युलोसाइटची ही चाचणी अशा वेळी फारशी लिहिली जात नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात आधी लिहायला हवी.

इथे आणखी एक गैरसमज अनेकांना भोवतो. रिपोर्टवर विश्वास बसला नाही की माणसं दुसऱ्या लॅबमध्ये जातात. तिथेही ५.३ आलं की शंका फिटते. डॅप्सोनच्या बाबतीत दुसरी लॅब, तिसरी लॅब, साधं मशीन, महागडं मशीन, सगळीकडे आकडा कमीच येणार, कारण मशीन चुकलेलंच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर खरोखरच कमी चिकटलेली आहे. चूक आहे ती त्या आकड्यावरून सरासरी साखरेचा अंदाज बांधण्यात.

सिकलसेलसारख्या हिमोग्लोबिनच्या जन्मजात दोषात गोष्ट थोडी वेगळी असते. विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरपासून अमरावतीच्या मेळघाटापर्यंत आणि खानदेशात नंदुरबारकडे हा दोष बऱ्याच कुटुंबांत आहे. तिथे दोन प्रश्न एकात एक मिसळतात. पहिला मशीनचा: काही पद्धतींना वेगळ्या घडणीचं हिमोग्लोबिन नीट ओळखता येत नाही, काहींना येतं, त्यामुळे तिथे पद्धत बदलून खरोखर फरक पडू शकतो. दुसरा पेशींच्या आयुष्याचा, आणि तो कुठल्याही मशीनने सुटत नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाच्या पेशी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात, तेव्हा त्याचं एचबीए१सी बघण्यात अर्थच नाही. नुसता वाहक असेल तर पेशींचं आयुष्य जवळपास नेहमीसारखं असतं. तरीही अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या वाहकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच साखरेवर त्यांचं एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी निघालं. उपचारात हा फरक मोठा नाही, पण मधुमेह आहे की नाही हे ६.५ च्या रेषेवर ठरवायचं असेल तेव्हा तो नक्की मोठा आहे.

उलट्या दिशेची चूक आपल्याकडे बहुधा सर्वांत जास्त होत असेल. लोहाच्या कमतरतेत मज्जा नव्या पेशी पुरेशा बनवू शकत नाही, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा वर जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला होता. त्यातल्या एखादीचं एचबीए१सी ६.६ आलं आणि उपाशीपोटी साखर ९५ असेल, तर तिच्यावर मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी फेरिटिन बघावं. निदान अशा वेळी रक्तातल्या प्रत्यक्ष साखरेवरच करायचं असतं: उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक.

आता परत शेतकऱ्याकडे येऊ. त्याच्या गोष्टीत अजून एक पात्र आहे. एमडीटी सुरू झाल्यावर अडीच महिन्यांनी त्याचे चट्टे लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखायला लागली. ही कुष्ठरोगातली रिअ‍ॅक्शन. नस कायमची निकामी होऊ नये म्हणून प्रेडनिसोलोन द्यावंच लागतं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातली नेहमीची पद्धत अशी की ४० मिलिग्रॅमने सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी डोस उतरवत न्यायचा: ४०, ३०, २०, १५, १०, ५, असे बारा आठवडे. प्रेडनिसोलोन साखर वाढवतं, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे एकाच महिन्यात या माणसाच्या शरीरात दोन औषधं उलट कामं करत होती. एक साखर वर ढकलत होतं, दुसरं ती साखर मोजणारी पट्टीच आखूड करत होतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे हातातल्या आकड्यांचा मेळ घालून बघणं. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढण्याचं सूत्र साधं आहे: आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ५.२ ला हे लावलं तर सरासरी १०३ येते. मग त्याला एका दिवसात सात वेळा बोटाला सुई टोचून साखर बघायला सांगितली. सकाळी उपाशीपोटी १४२, न्याहारीनंतर दोन तासांनी २१४, दुपारी जेवणाआधी १७६, जेवणानंतर २७१, संध्याकाळी २३३, रात्रीच्या जेवणानंतर २४८, झोपताना २०५. सरासरी २१३. सातपैकी एकही आकडा १०३ च्या जवळपास नाही. ग्लुकोमीटर इतका चुकत नसतो. उलट सूत्राने २१३ ला शोभणारं एचबीए१सी काढलं तर ते ९ येतं.

या सात आकड्यांतून अजून एक गोष्ट दिसते, ती नंतर कामाला येणार आहे. सकाळची साखर त्यातल्या त्यात बरी, आणि दुपार ते संध्याकाळ सगळ्यात वाईट. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनची ही ठरलेली चाल आहे. फक्त उपाशीपोटी साखर तपासणाऱ्याला ही वाढ निम्मीच दिसते.

एका दिवसाचे सात आकडे म्हणजे शेवटी एकच दिवस. त्या दिवशी घरी लग्न असेल, पथ्य मोडलं असेल. काही आठवड्यांची सरासरी हवी, आणि ती तांबड्या पेशींवर अवलंबून नको. फ्रुक्टोसामीनची जागा इथे आहे.

साखर फक्त हिमोग्लोबिनला चिकटत नाही. रक्तद्रवातल्या प्रथिनांनाही ती त्याच रीतीने चिकटते. या प्रथिनांत सर्वांत मोठा वाटा अल्ब्युमिनचा, आणि त्याचं अर्धायुष्य साधारण दोन ते तीन आठवडे. म्हणून रक्तद्रवातल्या साखर चिकटलेल्या सगळ्या प्रथिनांचं माप घेतलं तर मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी हाती येते, आणि तांबडी पेशी किती दिवस जगली याच्याशी तिचा संबंध उरत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी यासाठी एक सोपी रासायनिक पद्धत मांडली. साखर आणि प्रथिन यांच्या जोडातून जो पदार्थ बनतो तो अल्कधर्मी द्रावणात एका पिवळसर रसायनाचं जांभळ्या रंगात रूपांतर करतो. रंग किती लवकर गडद होतो ते यंत्र मोजतं. त्या जोड-पदार्थाला फ्रुक्टोसामीन म्हणतात. नावात फ्रुक्टोज ऐकून अनेकांना फळं खाण्याशी त्याचा संबंध वाटतो. तसा काही नाही. चाचणीला उपाशी राहावं लागत नाही, रक्त कधीही दिलं तरी चालतं. छोट्या गावातली लॅब ती स्वतः करत नसेल तर नमुना मोठ्या लॅबला पाठवते.

निरोगी माणसात फ्रुक्टोसामीन सर्वसाधारणपणे २०० ते २८५ मायक्रोमोल प्रति लिटर असतं. ही मर्यादा लॅबगणिक थोडी बदलते, त्यामुळे रिपोर्टवर छापलेलीच धरावी आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासावं. हा आकडा आपल्याला ओळखीचा नसल्यामुळे त्याचं एचबीए१सीच्या भाषेत रूपांतर करायला एक ढोबळ सूत्र वापरतात: फ्रुक्टोसामीन गुणिले ०.०१७, अधिक १.६१. आमच्या रुग्णाचं फ्रुक्टोसामीन ४२५ आलं. सूत्रात घातलं की ८.८.

आता तीन साक्षी शेजारी ठेवा. ग्लुकोमीटर ९ म्हणतो, फ्रुक्टोसामीन ८.८, आणि एचबीए१सी ५.२. पहिल्या दोघांत जो थोडा फरक आहे तोही समजण्यासारखा: बोटाचे सातही आकडे दिवसाचे आहेत, रात्री झोपेत साखर खाली आलेली असते ती त्यांत धरलेली नाही, फ्रुक्टोसामीनमध्ये ती आलेली आहे. फार खोल जायची गरज नाही. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे जुळतात तेव्हा तिसऱ्याला बाजूला ठेवायचं.

पण फ्रुक्टोसामीनवर तरी डोळे मिटून विश्वास टाकायचा का? नाही. त्याचीही एक पट्टी आहे आणि तीही आखूड होऊ शकते. इथे ती पट्टी म्हणजे प्रथिनं. मूत्रपिंडाच्या आजारात लघवीवाटे अल्ब्युमिन वाहून जात असेल, यकृत खराब असल्यामुळे ते बनतच नसेल, किंवा माणूस दीर्घकाळ कुपोषित असेल, तर फ्रुक्टोसामीनही खोटं कमी येतं. म्हणून फ्रुक्टोसामीन लिहिताना त्याच नळीतून अल्ब्युमिनही मागवावं. ते ३ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर फ्रुक्टोसामीनच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. थायरॉइड जास्त काम करत असेल तर प्रथिनं लवकर मोडतात आणि फ्रुक्टोसामीन कमी येतं. थायरॉइड मंद असेल तर उलट, साखर ठीक असतानाही ते वाढलेलं दिसतं. आपल्याकडे मंद थायरॉइडच्या बायका किती आहेत हे लक्षात घेतलं तर टीएसएच माहीत असणं इथे किती गरजेचं आहे ते कळेल. शिवाय जांभळ्या रंगावर चालणाऱ्या या पद्धतीला रक्तातलं जास्त बिलिरुबिन आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या गोंधळात टाकतात.

बिलिरुबिनचा मुद्दा आमच्या रुग्णाला थेट लागू आहे, कारण तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन वाढतं. त्याचं बिलिरुबिन १.४ होतं, म्हणजे किंचितच जास्त, अल्ब्युमिन ४.०, टीएसएच नॉर्मल. तेव्हा ४२५ हा आकडा धरता येतो. बिलिरुबिन चार-पाच असतं, डोळे पिवळे दिसत असते, तर मी फ्रुक्टोसामीन सोडून दुसरी वाट सुचवली असती.

ती वाट म्हणजे ग्लायकेटेड अल्ब्युमिन. यात सगळ्या प्रथिनांऐवजी फक्त अल्ब्युमिन बघतात, आणि एकूण अल्ब्युमिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली आहे ते सांगतात. टक्केवारी असल्यामुळे अल्ब्युमिन थोडं कमी-जास्त झालं तरी हिशेब कोसळत नाही, आणि विकरांवर आधारलेली पद्धत असल्याने रंगाचा गोंधळही कमी. निरोगी माणसात ते साधारण ११ ते १६ टक्के असतं. ढोबळ मानाने एचबीए१सीच्या तिप्पट. जपानमध्ये ही चाचणी रुळलेली आहे, विशेषतः डायलिसिसवरच्या मधुमेही रुग्णांसाठी. या रुग्णांना एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मिळतात, त्यामुळे नव्या पेशींची भर पडत राहते आणि एचबीए१सी खोटं खाली जातं, म्हणून तिथल्या डायलिसिस तज्ज्ञांनी ग्लायकेटेड अल्ब्युमिनवर उद्दिष्टं ठरवली: साधारण २० टक्क्यांच्या खाली, आणि हृदयविकार होऊन गेलेल्यांसाठी किंवा साखर फार खाली जाण्याचा धोका असलेल्यांसाठी २४ टक्क्यांच्या खाली. लघवीतून अल्ब्युमिन भरपूर जात असेल तेव्हा मात्र हीसुद्धा कमीच दाखवते. आपल्याकडे ती सगळीकडे मिळत नाही हा तिचा खरा अडसर.

१,५-अ‍ॅनहायड्रोग्लुसिटॉल या लांबलचक नावाची एक चाचणी आहे, तिचं तत्त्व मला आवडतं. अन्नातून येणारी ही साखरेसारखी गोष्ट मूत्रपिंडं परत शोषून घेतात. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ग्लुकोज लघवीत उतरतं, शोषण्याच्या त्याच जागेसाठी दोघांची चढाओढ लागते आणि हा पदार्थ लघवीत वाहून जातो. म्हणून रक्तात तो जितका कमी, तितके गेल्या आठवडा-दोन आठवड्यांत जेवणानंतरचे उसळे जास्त. पण डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी जी औषधं मुद्दामच लघवीतून साखर बाहेर काढतात ती चालू असतील तर या चाचणीला काही अर्थ उरत नाही. आज मधुमेहाच्या इतक्या रुग्णांना ही औषधं मिळतात की चाचणीचा उपयोग आपोआप आक्रसला आहे.

दंडावर लावायचा सेन्सर, म्हणजे सतत ग्लुकोज मोजणारी पट्टी, हा परवडत असेल तर उत्तम पर्याय. तो चौदा दिवस दर काही मिनिटांनी त्वचेखालच्या द्रवातली साखर टिपतो. हिमोग्लोबिन नाही, अल्ब्युमिन नाही, थेट साखर. त्याच्या अहवालात सरासरीवरून काढलेला जीएमआय नावाचा आकडा असतो, तो एचबीए१सीसारखाच वाचायचा. साखर ७० ते १८० च्या दरम्यान किती वेळ राहिली हेही त्यात असतं; बहुतेक रुग्णांत हा वेळ ७० टक्क्यांहून जास्त असावा, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. सरासरी काढणाऱ्या कुठल्याही चाचणीला न दिसणारी गोष्ट सेन्सरला दिसते: ४५ आणि २५५ यांची सरासरीही १५० च येते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्याला फ्रुक्टोसामीन चांगलं आलं तरी बोट टोचणं सुटत नाही.

आमच्या शेतकऱ्याला सेन्सर परवडला नाही. त्याच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कमी न करता सकाळच्या प्रेडनिसोलोनबरोबर एनपीएच इन्सुलिन सुरू केलं. हे इन्सुलिन दुपारी सर्वांत जोरात काम करतं, म्हणजे प्रेडनिसोलोनची साखर जिथे चढते तिथेच. तीन आठवड्यांनी फ्रुक्टोसामीन पुन्हा तपासलं: ३५२. सूत्राने ७.६. एचबीए१सी भरवशाचं असतं तरी तीन आठवड्यांत त्याने एवढा बदल स्पष्ट दाखवला नसता, कारण त्याच्या सरासरीत आधीचे महिने घट्ट बसलेले असतात. दर दोन आठवड्यांनी डोस बदलणाऱ्या प्रेडनिसोलोनसाठी दोन-तीन आठवड्यांचं हे माप जणू मापून शिवलेलं आहे. डोस २० वरून १५ आणि १० वर येईल तसं इन्सुलिनही उतरवत न्यावं लागतं, नाहीतर संध्याकाळी साखर एकदम घसरते. उतरवण्याचा वेग मात्र फ्रुक्टोसामीनने नाही, तर दुपारी आणि संध्याकाळी बोटातून काढलेल्या आकड्यांनी ठरवायचा.

फ्रुक्टोसामीनच्या बाजूने आणि विरुद्ध एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवलं तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात हे १९९३ च्या अमेरिकेतल्या आणि १९९८ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगांनी दाखवून दिलं. फ्रुक्टोसामीनला लक्ष्य ठेवून असा प्रयोग झालेला नाही. फ्रुक्टोसामीन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन जास्त असलेल्यांत डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे विकार जास्त होतात हे अमेरिकेतल्या एका मोठ्या समूहाच्या पाठपुराव्यात दिसलं आहे, पण किती आकडा म्हणजे सुरक्षित याची तितकी पक्की रेषा नाही. त्यामुळे ज्याच्या तांबड्या पेशी ठीक आहेत त्याने एचबीए१सी सोडून याच्या मागे लागू नये. ज्याच्या ठीक नाहीत त्याच्यासाठी अपुरा पुरावा असलेलं बरोबर माप हे भक्कम पुरावा असलेल्या चुकीच्या मापापेक्षा चांगलं.

एमडीटीचे बारा महिने संपल्यावर या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोंधळ ठरलेला आहे आणि तो आधीच सांगून ठेवलेला बरा. डॅप्सोन थांबलं की नव्या पेशी पुन्हा पूर्ण आयुष्य जगू लागतात. पुढच्या तीन-चार महिन्यांत एचबीए१सी ५ च्या घरातून चढत साडेसात-आठपर्यंत जाईल, साखर जराही न बिघडता. फाइल उलगडून पाहणाऱ्या नव्या डॉक्टरला वाटेल की उपचार संपताच मधुमेह हाताबाहेर गेला, आणि ते औषधं वाढवतील. रुग्णाला वाटेल की एमडीटीने साखर बरी केली होती, गोळ्या संपल्या आणि ती परत आली. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवायचं: डॅप्सोन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, आणि बंद झाल्यापासून चार महिने उलटेपर्यंतचं कुठलंही एचबीए१सी धरू नये. त्या मुदतीच्या शेवटी एचबीए१सी आणि फ्रुक्टोसामीन एकाच दिवशी तपासावं. सूत्राने दोन्ही जवळ आले, आणि रेटिक्युलोसाइट दोन टक्क्यांच्या आत परतले असले, की पुढच्या तपासण्यांना पुन्हा एकटं एचबीए१सी पुरेल.